तीन फेजचे व्होल्ट सारखे नसले की मोटर का तापते: असंतुलन कसं मोजायचं, दोष कुठे शोधायचा आणि भार किती उतरवायचा

चोपडा-यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात सबमर्सिबल मोटर जळून आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "व्होल्टेज कमी होतं का?" शेतकरी सांगतो, नाही, चारशेच्या आसपास होतं. मग वाइंडिंग करून मोटर परत बोअरमध्ये जाते आणि दोन-तीन महिन्यांत तीच मोटर पुन्हा दुकानात येते. अशा बऱ्याच वेळी व्होल्टेज खरंच पुरेसं असतं, पण तिन्ही फेजमध्ये ते सारखं नसतं. दहा-बारा व्होल्टचा फरक कोणी मोजत नाही, आणि मोजला तरी त्याचं काय करायचं हे ठाऊक नसतं.

खाली पूर्ण क्रम दिला आहे. उदाहरणासाठी चोपडा तालुक्यातल्या एका केळीच्या मळ्यातली मोटर घेतली आहे: साडेसात एचपी, डीओएल स्टार्टर, बोअरमधून वर येणारी तीन वायरची केबल, आणि पाटीवर 15 अँपिअर. तीच मोटर शेवटपर्यंत सोबत ठेवू.

## आधी एवढं समजून घ्या

तिन्ही फेजचे व्होल्ट सारखे असतील तर मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र एकाच दिशेने सारखं फिरतं आणि रोटरला सोबत नेतं. व्होल्ट कमी-जास्त झाले की त्या मोठ्या क्षेत्रासोबत उलट्या दिशेने फिरणारं एक छोटं क्षेत्रही तयार होतं. रोटर सुलट फिरत असल्यामुळे हे उलटं क्षेत्र त्याच्या अंगावरून जवळपास दुप्पट वेगाने जातं, आणि रोटरच्या दांड्यांमध्ये सुमारे 100 हर्ट्झचा प्रवाह उठतो. त्या प्रवाहातून पाणी उपसलं जात नाही. त्याची फक्त उष्णता होते, वर तो मोटरला थोडा मागेच ओढतो.

खरी गोम पुढे आहे. या उलट्या क्षेत्रासाठी मोटर अशी वागते जणू ती आत्ताच चालू होते आहे. चालू होताना मोटर पाटीवरच्या करंटच्या साधारण सहापट ओढते, तसंच इथेही होतं. म्हणून व्होल्टमध्ये 3 टक्के फरक असला तर करंटमध्ये 18-20 टक्के फरक दिसतो. "बारा व्होल्टने काय होतं?" या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

तापण्याचा अंदाज काढायचा जुना ठोकताळा असा: असंतुलनाच्या टक्क्यांचा वर्ग करा आणि त्याची दुप्पट करा. तेवढे टक्के तापमानवाढ जास्त होते. 3 टक्क्यांना 3 गुणिले 3 म्हणजे 9, त्याची दुप्पट 18. म्हणजे मोटर एरवी भोवतालपेक्षा 60 अंशांनी तापत असेल तर आता 71 अंशांनी तापेल. दर 10 अंश जादा तापमानाला इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असं या धंद्यात धरलं जातं. पाणी भरलेल्या सबमर्सिबल मोटरच्या वायरवर प्लास्टिकचं आवरण असतं. तिला उष्णता आणखी कमी सोसते, त्यामुळे तिथे हा हिशोब सैल धरू नका.

## टप्पा 1: मोजण्याची तयारी

लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत: 600 व्होल्टपर्यंत मोजणारा चांगला क्लॅम्प मीटर, वही, पेन आणि तीन रंगांची टेप. मीटर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच वापरा. दोन मीटरमध्ये तीन-चार व्होल्टचा फरक सहज असतो, आणि आपल्याला तर दहा-बारा व्होल्टच शोधायचे आहेत.

पेटीत येणाऱ्या तीन वायरींना आर, वाय, बी अशी खूण करा. मोटरकडे जाणाऱ्या केबलच्या तीन वायरींना एक, दोन, तीन अशी वेगळी खूण करा. ही खूण आत्ता केली नाही तर टप्पा 4 मध्ये हमखास घोळ होतो.

सावधान: केळीच्या बागेत पेटीखाली चिखल असतोच. कोरड्या फळीवर किंवा रबरी चटईवर उभं राहा, पायात चप्पल-बूट हवेत, आणि सोबत दुसरा माणूस हवा. पेटी उघडून चालू मोटरवर मोजण्याची सवय नसेल तर हे काम वायरमनकडून करून घ्या आणि आकडे तुम्ही लिहा.

मोजायची वेळ नेहमीच्या भाराची निवडा. आजूबाजूच्या मळ्यांतल्या मोटरी चालू असतात तेव्हाच खरी लाईन दिसते. पहाटे सगळं बंद असताना घेतलेले आकडे सुंदर येतात आणि फसवतात.

## टप्पा 2: व्होल्ट मोजा

मोटर चालू करा, पाणी नीट पडू द्या, दहा मिनिटं थांबा. मग स्टार्टरच्या येणाऱ्या टर्मिनलवर फेज-ते-फेज तीन मापं घ्या: आर-वाय, वाय-बी, बी-आर. लाईन हलत असते म्हणून तिन्ही मापं पटापट घ्या आणि अशा तीन फेऱ्या करा. तिन्ही फेऱ्यांचे आकडे जवळपास सारखे आले तरच पुढे जा.

इथे दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे फेज आणि न्यूट्रलमध्ये मोजणं. या मोटरला न्यूट्रल जोडलेलाच नाही, तिला दोन फेजमधला व्होल्टच कळतो. न्यूट्रलचे आकडे घेऊन हिशोब केला तर उत्तर वेगळंच येतं. दुसरी म्हणजे मोटर बंद ठेवून मोजणं. भार नसताना सैल जोडसुद्धा पूर्ण व्होल्ट दाखवतो.

आपल्या मळ्यातले आकडे असे आले:

आर-वाय 402, वाय-बी 388, बी-आर 410.

आता हिशोब. तिघांची बेरीज 1200, सरासरी 400. सरासरीपासून सर्वांत लांबचा आकडा 388, फरक 12. बाराला चारशेने भागून शंभरने गुणलं की 3 टक्के. सर्वांत मोठ्यातून सर्वांत लहान वजा करायचं नाही. तसं केलं तर 22 येतात आणि साडेपाच टक्के दिसतात. पुढचे सगळे तक्ते सरासरीपासूनच्या फरकावर बसवलेले आहेत.

तपासा: 1 टक्क्याच्या आत असेल तर मोटरला त्रास नाही. 1 ते 5 च्या मध्ये असेल तर भार उतरवावा लागेल. 5 च्या वर असेल तर मोटर चालवू नका, आधी लाईन दुरुस्त व्हायला हवी. एखादा आकडा निम्म्यावर आला असेल तर ते असंतुलन नव्हे, कुठेतरी फेज किंवा डीपीवरचा फ्यूज गेला आहे. मोटर लगेच बंद करा.

## टप्पा 3: करंट मोजा

त्याच वेळी, त्याच भारावर, तिन्ही वायरींचा करंट एकेक करून घ्या. आपल्याकडे आले आर 16.8, वाय 12.2, बी 16.0. सरासरी 15. सर्वांत मोठा फरक वायचा, 2.8 अँपिअर, म्हणजे जवळपास 19 टक्के. व्होल्टच्या 3 टक्क्यांची सहापट झाली ना?

सरासरी बरोबर पाटीएवढी आहे हे लक्षात घ्या. एकाच वायरीला क्लॅम्प लावणाऱ्याच्या हाती वाय आली असती तर त्याने "मोटर मोकळी चालते आहे" असं सांगून पेटी बंद केली असती. प्रत्यक्षात दोन फेज पाटीच्या वर गेल्या आहेत.

सगळ्यांत महागात पडणारी चूक याच टप्प्यावर होते. रिले 15 वर असेल तर 16.8 च्या फेजमुळे तो अधूनमधून सुटतो, रात्रपाळीच्या लाईटला कोणीतरी उठून मळ्यात जावं लागतं, आणि वैतागून रिले 18 वर नेला जातो. या मळ्यातही तो 18 वरच होता. रिले बरोबर सांगत होता, त्याचंच तोंड बंद केलं. सिंगल फेज प्रिव्हेंटर बसवलेला आहे म्हणून निश्चिंत राहू नका. बहुतेक प्रिव्हेंटर फेज गेल्यावर किंवा फार मोठा फरक पडल्यावर सुटतात. 12 व्होल्ट ते तसेच सोडून देतात.

## टप्पा 4: वायरी फिरवून दोष कुणाचा ते ठरवा

करंट सारखा नाही एवढ्यावरून लाईनला दोष देता येत नाही. वाइंडिंगचे काही वेढे शॉर्ट असतील किंवा बोअरमधल्या केबलचा जोड खराब असेल, तरी करंट असाच दिसतो. हे वेगळं करायला मोटरच्या तिन्ही वायरी एकेक घर पुढे सरकवायच्या.

मेन बंद करा, मीटरने खात्री करा, मग स्टार्टरच्या जाणाऱ्या बाजूला आरवरची वायर वायवर, वायवरची बीवर आणि बीवरची आरवर लावा. तिन्ही एकत्र सरकल्या की मोटरची दिशा तीच राहते. दोनच वायरींची अदलाबदल केली तर मोटर उलटी फिरेल. मोटर चालू करा, पाणी आधीसारखंच येतंय ना बघा, दहा मिनिटांनी करंट लिहा. पुन्हा एक घर सरकवून तिसऱ्यांदा घ्या.

आपले आकडे:

- पहिली जोडणी: आर 16.8 (वायर एक), वाय 12.2 (वायर दोन), बी 16.0 (वायर तीन)
- दुसरी जोडणी: आर 16.7 (तीन), वाय 12.4 (एक), बी 15.9 (दोन)
- तिसरी जोडणी: आर 16.7 (दोन), वाय 12.1 (तीन), बी 16.2 (एक)

कोणतीही वायर लावली तरी वाय फेज बारावरच राहिली. उलट मोटरच्या प्रत्येक वायरीची तीन मापांची सरासरी काढली तर एकची 15.1, दोनची 14.9 आणि तीनची 14.9 येते. म्हणजे मोटर आणि केबल निर्दोष, दोष लाईनकडचा. कमी करंट जर एका वायरीसोबत फेजफेज फिरला असता, तर मोटर वर काढावी लागली असती.

ही चाचणी न करता मोटर वर काढणं म्हणजे पाइप उतरवण्याची मजुरी पाण्यात घालणं, म्हणून हा टप्पा गाळू नका. स्टार-डेल्टाच्या सहा वायरींच्या मोटरला मात्र हे काम जाणकाराकडूनच करून घ्या, तिथे वायरी जोडीने सरकवाव्या लागतात.

जळालेली मोटर उघडलेली असेल तर वाइंडिंगही बोलतं. स्टार जोडणीत दोन फेजची गुंडाळी पूर्ण काळी आणि तिसरी जशीच्या तशी असेल तर ती एक फेज जाऊन जळालेली आहे. असंतुलनाने मेलेल्या मोटरमध्ये असा स्वच्छ फरक नसतो. सगळं वाइंडिंग भाजलेलं असतं, एखादी फेज जास्त.

## टप्पा 5: लाईनकडचा दोष पेटीपासून मागे शोधा

सुरुवात आपल्या पेटीतून करा, कारण ती आपल्या हातात आहे. मोटर चालू असताना काँटॅक्टरच्या एकाच फेजच्या वरच्या आणि खालच्या टर्मिनलमध्ये मीटर लावा. चांगल्या काँटॅक्टला व्होल्टचा छोटासा अंश दिसतो. एका फेजला एक-दोन व्होल्ट दिसले आणि बाकी दोघींना नाही, तर तो काँटॅक्ट जळालेला आहे. किटकॅट फ्यूजलाही असंच मोजा. फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार घालून ठेवलेली असते आणि तिचा स्क्रू सैल असतो, हे चित्र नेहमीचं आहे. टर्मिनलजवळ वायरीचं आवरण तपकिरी झालेलं दिसलं तर मोजायचीही गरज नाही.

या मळ्यात पेटी स्वच्छ निघाली. शिवाय आपण व्होल्ट येणाऱ्या टर्मिनलवरच मोजले होते, आणि फरक तिथेच होता. म्हणजे दोष आणखी मागे.

आता आकड्यांकडे परत बघा. बी-आर 410 म्हणजे चांगला. वाय-बी एकटा फार पडलेला. दोन ठरावीक फेजमधलाच आकडा सर्वांत खाली असेल तर त्या दोन फेजवर कुणाचातरी दोन फेजचा भार आहे, असा संशय घ्यायचा. वेल्डिंग मशीन असेल किंवा कॅपॅसिटरचा डबा लावून दोन फेजवर चालवलेली मोटर. या डीपीवर दोन शेजाऱ्यांच्या पाच एचपीच्या मोटरी तशाच चालत होत्या. त्यांच्याकडे जाणाऱ्या लाईनीची आर तार तुटून बरेच दिवस झाले होते. केळीला पाणी थांबवता येत नाही म्हणून त्यांनी डबे बसवले होते, आणि दोघांचाही सगळा भार वाय-बीवर पडत होता.

खात्री करायला त्या दोघांना पंधरा मिनिटं मोटरी बंद ठेवायला सांगितलं आणि आपली मोटर चालू ठेवून मोजलं: 408, 405, 411. सरासरी 408, फरक 3, म्हणजे 0.7 टक्के. संशय खरा ठरला.

सावधान: डीपीवर, खांबावर किंवा तारेवर स्वतः हात घालू नका. कॅपॅसिटरचा डबा बंद केल्यावरही त्यात झटका शिल्लक असतो, तो उघडू नका. तारेची तक्रार लेखी द्या आणि सोबत आकडे लिहा: अमुक वेळी, मोटर चालू असताना, तीन मापं इतकी. "व्होल्टेज बरोबर नाही" एवढंच लिहिलेल्या अर्जावर लाईनमन सकाळी रिकाम्या लाईनीवर मोजून "ठीक आहे" म्हणून जातो. आकडे आणि वेळ असेल तर त्याला त्याच वेळी यावं लागतं.

## टप्पा 6: दुरुस्तीपर्यंत भार उतरवा

तार जोडायला आठ दिवस लागतील, आणि मे महिन्यात आठ दिवस पाणी बंद ठेवलं तर बाग जाते. तेव्हा मोटर चालवायची, पण पूर्ण भारावर नाही. मोटर किती भारावर चालवावी याचे रूढ गुणक असे आहेत: 2 टक्के असंतुलनाला 0.95, 3 ला सुमारे 0.88, 4 ला 0.82, 5 ला 0.75. पहिल्या दोन टक्क्यांत फारसं बिघडत नाही, पुढे मात्र भराभर घसरतं.

आपल्या 3 टक्क्यांना साडेसात एचपीची मोटर 6.6 एचपीचीच समजायची. करंटच्या भाषेत सरासरी 15 वरून 13.2 पर्यंत आणायची. भार उतरवला तरी उलट्या क्षेत्राचा करंट कमी होत नाही, तो व्होल्टच्या फरकावर ठरतो. म्हणून आर फेज सरासरीपेक्षा आधी 1.8 अँपिअर वर होती, तशीच आताही राहील: 13.2 अधिक 1.8, बरोबर 15. सर्वांत जास्त तापणारी फेज पाटीवर येऊन थांबली.

याच कारणामुळे भार कमी केल्यावर करंटमधल्या फरकाचा टक्का 19 वरून 21 वर गेलेला दिसेल. घाबरू नका. फरक वाढलेला नाही, सरासरी कमी झाली आहे.

भार उतरवायचा कसा? डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत क्लॅम्पवर बघा. बऱ्याच पंपांत पाणी कमी झालं की करंट उतरतो, पण सगळ्यांत नाही. काही पंपांत तो तसाच राहतो किंवा वाढतो. करंट उतरत नसेल तर व्हॉल्व्ह पुन्हा उघडा. अशा वेळी पाळीचे तास कमी करा आणि मध्ये मोटर गार होऊ द्या. हा कमी प्रतीचा उपाय आहे, कारण चालू असताना ती तेवढीच तापते. पंपाची एक स्टेज काढणं हा पक्का उपाय, पण आठ दिवसांसाठी कोणी करत नाही.

सावधान: व्हॉल्व्ह इतका आवळू नका की पाण्याची धार केविलवाणी होईल. सबमर्सिबल मोटर अंगावरून जाणाऱ्या पाण्यानेच गार होते. निम्म्याहून कमी पाण्यावर तिला ठेवणं धोक्याचं आहे.

भार उतरवून झाला की रिले परत 15 वर आणा. आता तो सुटला तर कारण शोधा, खूण हलवू नका.

## टप्पा 7: दुरुस्तीनंतर पुन्हा मोजा

तार जोडली गेली, डबे निघाले, आणि त्याच संध्याकाळच्या वेळी व्हॉल्व्ह पूर्ण उघडून मापं घेतली. करंट आले आर 15.0, वाय 13.9, बी 14.6. सरासरी 14.5, फरक 0.6, म्हणजे 4 टक्के. सबमर्सिबलला पूर्ण भारावर 5 टक्क्यांच्या आत करंट असला की ठीक मानतात. मोटर पूर्ण भारावर सोडली.

वहीतलं हे पान फाडू नका, पेटीच्या दाराला आतून चिकटवा: तारीख, वेळ, तीन व्होल्ट, तीन अँपिअर, मोटरच्या वायरींचा क्रम. डीपीवर नवीन कनेक्शन आलं, वादळात तारा हलल्या किंवा रिले विनाकारण सुटायला लागला, की तीच सहा मापं पुन्हा घ्या आणि दारावरच्या आकड्यांशी ताडून बघा.